वांग आणि साडेसातशे रुपये

चेहऱ्यावरच्या या डागांसाठी मराठीत एक जुना, रोखठोक शब्द आहे: वांग. हिंदीत झाई म्हणतात, डॉक्टर मेलास्मा म्हणतात. आमच्या घरात हा शब्द बायकांच्या तोंडी असायचा आणि गालांवरही. आजीला वांग होता, आईला आहे. आई सहाणेवर दुधात जायफळ उगाळून त्याचा लेप लावायची आणि तो वाळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही, कारण बोललं की लेप तडकायचा. लहानपणी मला वाटायचं की वांग म्हणजे संध्याकाळची ती अर्ध्या तासाची शांतता.

माझा वांग दुसऱ्या बाळंतपणानंतर आला. दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर, नकाशातल्या प्रदेशांसारखा, कडा वेड्यावाकड्या. मी अमरावतीत दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, आणि जे मिळतात ते तीन-तीन, चार-चार महिन्यांनी एकदम येतात. दरवर्षी पुन्हा मुलाखत द्यावी लागते. टेबलापलीकडे बसलेली माणसं कागद पाहण्याआधी चेहरा पाहतात, आणि "बरं नाही का?" असं विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी पहिली दोन मिनिटं जातात. म्हणून घरखर्चाच्या वहीत मी चेहऱ्यासाठी एक ओळ ठेवली आहे. महिन्याला साडेसातशे रुपये. किराण्याच्या खाली आणि पेट्रोलच्या वर.

या साडेसातशेचं काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिला खर्च कोणत्याही बाटलीवर करायचा नसतो. गालावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांना लावायच्या काळ्या रंगाची किंवा कपाळावरच्या कुंकवाची ॲलर्जी होऊनही चेहरा काळवंडतो. मान आणि गालांच्या कडा जाड, मखमली काळ्या होत असतील तर गोष्ट साखरेशी आणि इन्सुलिनशी जोडलेली असू शकते, आणि तिथे क्रीम लावणं म्हणजे घराला गळती असताना भिंत रंगवणं. काही गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग वाढतो. गोळी चालू ठेवून वर कितीही महागडी ट्यूब लावली तरी हाती फारसं काही लागत नाही. म्हणून मी सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढला आणि तीन तास बाकावर बसले. आतल्या डॉक्टरबाईंनी जांभळ्या प्रकाशाचा दिवा चेहऱ्याजवळ धरला, कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं, केसांना काय लावता ते विचारलं आणि म्हणाल्या, "वांगच आहे. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण फिका होईल, आणि फिका राहील की नाही ते उन्हावर आहे." साडेसातशेची पुढची सगळी वाटणी या एका वाक्यावर उभी आहे.

वांगातल्या रंगपेशी मेलेल्या किंवा आजारी नसतात. उलट त्या अति तत्पर असतात. थोडा जरी प्रकाश पडला तरी त्या रंग तयार करायला बसतात. रात्री लावलेलं औषध त्यांना आवरत असतं आणि सकाळचं ऊन त्यांना पुन्हा उठवत असतं. औषध चांगलं आणि संरक्षण कच्चं असेल तर महिनाअखेरीस आपण होतो तिथेच असतो. म्हणून पैशाचा मोठा वाटा सनस्क्रीनला. साबणाला नाही, सीरमला नाही, रात्रीच्या क्रीमलाही नाही.

पण कोणतं सनस्क्रीन, हा प्रश्न उरतो, आणि वांगाच्या बाबतीत त्याचं उत्तर थोडं वेगळं आहे. डब्यावरचा एसपीएफचा आकडा प्रामुख्याने त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगतो. ३० आणि ५० यांत फरक आहे, पण जाहिरात दाखवते तेवढा नाही: नीट जाड थर लावला तर ३० मधून त्या किरणांचा तिसावा भाग आत येतो, ५० मधून पन्नासावा. दुसरी किरणं असतात ती खोल जाणारी, खिडकीच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येणारी. त्यांच्यासाठी पीए ही अक्षरं आणि त्यापुढची अधिकची चिन्हं पाहायची; तीन असावीत, चार असली तर उत्तम. इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. वांगाला मात्र तिसरी गोष्ट छळते, आणि ती म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तो रंग वाढवतो. पारदर्शक सनस्क्रीन, कितीही भारी असलं तरी, हा उजेड अडवत नाही. कारण उघड आहे, अडवला असता तर ते पारदर्शक दिसलंच नसतं.

हा उजेड अडवतात लोहाची भस्मं, म्हणजे आयर्न ऑक्साइड. पिवळं, तांबडं आणि काळं. दिवाळीत अंगणात सारवणावर काढतो तो गेरू तांबडा असतो तो याच लोहामुळे. टिंटेड म्हणून मिळणाऱ्या, त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनमध्ये हीच भस्मं शुद्ध करून, बारीक करून घातलेली असतात. घटकांच्या यादीत ती नावाने दिसतात किंवा आकड्यांनी: ७७४९१, ७७४९२, ७७४९९. मी दुकानात ट्यूब उलटी करून आधी हे आकडे शोधते. कॅलामाइन लोशनचा गुलाबी रंगही लोहाचाच, पण तिथे ते नावापुरतं असतं आणि ते लोशन त्वचा कोरडी करतं, म्हणून ते सनस्क्रीनच्या जागी चालत नाही. आणि अंगणातला गेरू अंगणातच ठेवावा. त्यात माती, वाळू आणि आणखी काय काय असतं ते कुणी तपासलेलं नसतं.

माझ्या रंगाला जुळणारं टिंटेड सनस्क्रीन स्वस्तात मिळालं नाही. गव्हाळ आणि सावळ्या छटा बनवणारे कमी आहेत. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरबाईंनी सांगितलेला मार्ग असा: साधं, पारदर्शक, स्वस्त सनस्क्रीन नीट जाड लावायचं, ते बसलं की त्यावर आपल्या रंगाचं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट पावडर वांगाच्या जागी चांगली दाबून लावायची. त्या पावडरीचा रंगही याच भस्मांचा असतो. फक्त उलटं करू नये. पावडरीवर लिहिलेल्या एसपीएफवर विसंबून खालचं सनस्क्रीन सोडलं तर हिशोब कोलमडतो, कारण तो आकडा खरा होण्याइतकी पावडर चेहऱ्यावर कुणी लावत नाही.

आता मात्रा. इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम एवढा थर देतात. चेहरा आणि गळ्याची पुढची बाजू मिळून साधारण एक ग्रॅम होतो; तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा, म्हणजे जवळपास तेवढंच. आमच्या रसायनशास्त्र विभागातली मैत्रीण तेराशे रुपयांचं परदेशी सनस्क्रीन वापरते. एकदा दुपारच्या सुट्टीत आम्ही तिच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर ती रोज लावते तेवढं मोजलं. काचेच्या तबकडीवर तिने वाटाण्याएवढा थेंब ठेवला. तराजूने ०.२७ ग्रॅम दाखवलं. चौथाई थर म्हणजे संरक्षणही पातळ. ५० चा आकडा अशा वेळी दहा-बाराच्या वर जात नाही, बहुधा त्याच्याही खाली राहतो. ती बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी तेराशे रुपये देऊन शंभर रुपयांचं काम करून घेतेय." मग तिनेच फळ्यावर भागाकार केला: तिची ५० ग्रॅमची ट्यूब, एका ग्रॅमला २६ रुपये. पुरेसं लावायचं तर रोज २६ रुपये, आणि दुपारी पुन्हा लावायचं तर ५२. हा दर मनात बसलेला असला की हात आपोआप आखडतो. महाग सनस्क्रीनचा खरा तोटा हाच, की ते माणसाला कंजूष करतं.

म्हणून मी ट्यूबची किंमत पाहत नाही, ग्रॅमची पाहते. माझं टिंटेड सनस्क्रीन ४८० रुपयांना ५० ग्रॅम मिळतं. ग्रॅमला ९ रुपये ६० पैसे. महिन्यात साधारण २६ दिवस मी बाहेर पडते. सकाळी एक ग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅम. दोन्ही महाविद्यालयांत तास असतात ते दिवस १५. त्या दिवशी दुपारी बारा वाजता स्कूटरवर बसण्याआधी आणखी एक ग्रॅम. एकूण ४१ ग्रॅम, ३९४ रुपये. साडेसातशेपैकी निम्म्याहून जास्त. ट्यूब पाच आठवडे पुरते. ती सात आठवडे पुरली तर मला आनंद होत नाही. माझा हात कुठेतरी आखडतो आहे एवढंच त्यातून कळतं.

ट्यूब ठेवण्याचीही एक गोष्ट आहे. स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात ती ठेवू नये. उष्णतेने मिश्रण फुटतं: आधी पाणी सुटतं, मग उरलेलं दाणेदार होतं. असं सनस्क्रीन चेहऱ्यावर एकसारखं पसरत नाही आणि मधली फट डोळ्यांना दिसत नाही. पिळल्यावर आधी पाणी आलं तर ती ट्यूब संपली असं समजायचं, तारीख काहीही असो.

माझ्या वहीतली सर्वांत फायद्याची खरेदी मात्र सनस्क्रीन नाही. ती आहे १५० रुपयांचा गडद रंगाचा, घट्ट विणीचा सुती स्कार्फ. विदर्भातल्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळतात आणि बाहेरगावची माणसं त्यावर विनोद करतात. पण दिसणारा उजेड अडवायला घट्ट कापडाइतकं स्वस्त काही नाही. ते घामाने ओघळत नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. कसोटी सोपी आहे: स्कार्फ दिव्यासमोर धरायचा. दिवा विणीतून स्पष्ट दिसला तर तो स्कार्फ धुळीसाठी ठीक, वांगासाठी नाही. शिफॉनची ओढणी या कसोटीत नापास होते. हेल्मेटची पारदर्शक काच अदृश्य किरणं बरीच अडवते, उजेड नाही. आणि घरातला दिवा किंवा मोबाइलचा पडदा यांची चिंता करू नये. उन्हापुढे त्यांचा उजेड फारच क्षीण आहे. त्यासाठी म्हणून विकली जाणारी क्रीम्स माझ्या वहीत कधी आली नाहीत.

आता जिथे स्वस्त चालतं ते. नियम असा धरला तर बरंच सोपं होतं: जे धुऊन जातं त्यावर कमीत कमी खर्च. फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा मिनिट असतो. त्यात केशर आहे, व्हिटॅमिन सी आहे, मोती आहेत असं लिहिलेलं असतं. ते सगळं अर्ध्या मिनिटात नाल्यात जातं. त्याने एकच काम नीट करावं: तेल-धूळ काढावी आणि त्वचा ओढल्यासारखी करू नये. साधा साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून कपड्याच्या किंवा अंगाच्या कडक साबणाने चेहरा धुतला की ताण बसतो. साबण नसलेली, सौम्य, सिंडेट म्हणून मिळणारी वडी मी घेते. १५० रुपयांची वडी फक्त संध्याकाळी वापरली तर तीन महिने जाते. महिन्याला ५० रुपये. सकाळी नुसतं पाणी.

मॉइश्चरायझरचंही तसंच. त्याची रसायनं जुनी आणि साधी आहेत. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडून जाऊ देत नाही. या दोन्ही कामांत त्यांच्या बरोबरीला उतरणारं महाग काही फारसं निघालेलं नाही. लहान काचेच्या बरणीतलं आठशे रुपयांचं क्रीम आणि ३०० रुपयांची अंगाला लावायच्या सुगंधविरहित लोशनची मोठी बाटली यांच्या घटकांच्या याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिले पाच-सहा शब्द बहुतेकदा तेच सापडतात: पाणी, ग्लिसरीन, एखादं तेल, एखादं मेणासारखं अल्कोहोल. बरणीवर ज्या फुलाचं चित्र असतं ते फूल शेवटून तिसरं असतं. माझी बाटली चेहऱ्यासाठी सहा महिने पुरते. महिन्याला ५० रुपये. फक्त सुगंध नसावा, एवढं पाहते. कारण सावळ्या त्वचेत कुठलीही जळजळ मागे काळा डाग ठेवून जाते आणि वांगावर वांग चढतो. लिंबाचा रस याच कारणाने वर्ज्य. लिंबू लावून उन्हात गेल्यावर त्वचा अक्षरशः भाजू शकते. आईच्या जायफळाबद्दल मी तिला काही म्हणत नाही, पण माझ्या गालावर लावत नाही.

व्हिटॅमिन सी सीरमबद्दल मैत्रिणी विचारतात. ते खोटं नाही. पण त्यातला शुद्ध घटक हवा आणि उजेड लागला की लवकर खराब होतो. बाटली पाण्यासारखी होती ती पिवळी, मग चहासारखी तपकिरी होते. चांगलं बनवलेलं महाग असतं, स्वस्त बहुधा घरी येईपर्यंत अर्धं गेलेलं असतं. ज्यांच्याकडे महिन्याला तीन हजार आहेत त्यांनी घ्यावं. साडेसातशेत त्याला जागा नाही. टोनर आणि डोळ्यांखालच्या क्रीमचंही तेच.

उरला रात्रीचा औषधाचा खर्च. डॉक्टरबाईंनी मला ॲझेलेइक ॲसिडचं २० टक्क्यांचं क्रीम दिलं. नाव भयंकर आहे, वस्तू साधी आहे. गहू-बार्लीसारख्या धान्यांतही ती सापडते. रंग तयार करणाऱ्या यंत्रणेला ती मंद करते. १५ ग्रॅमची ट्यूब २१० रुपयांना मिळते आणि रोज रात्री अर्धा ग्रॅम म्हणजे बरोबर महिनाभर जाते. पहिले दोन आठवडे खाज सुटते, मुंग्या चालल्यासारखं वाटतं. लोशन आधी लावून वर क्रीम लावलं की ते सोसवतं. आग झाली, साल निघालं, तर एक दिवसाआड करायचं. परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात, आणि इथेच बहुतेकजणी सोडतात, कारण आरशात रोज पाहिलं की काहीच बदलत नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी नऊ वाजता, त्याच खिडकीसमोर उभी राहून फोटो काढते. फक्त पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवते. चौथ्या महिन्यात ओठावरचा डाग फिका झालेला दिसला. गालांच्या कडा विरल्या आहेत, मध्य अजून आहे. तो कदाचित राहील.

३९४ आणि २१०, ५० आणि ५०. एकूण ७०४. उरलेले ४६ रुपये एका डब्यात जातात, पुढच्या केसपेपरसाठी आणि रिक्षासाठी.

इथे कुणी म्हणेल, चार महिने थांबायचं कशाला, पंधरा दिवसांत गोरं करणारी क्रीम्स शंभर-सव्वाशेत मिळतात. मिळतात. माझ्या वहिनींनी घेतलं होतं. पार्लरमध्ये एका बिनलेबलच्या डबीत, १२० रुपये, "आमचं स्वतःचं मिश्रण" म्हणून. पंधरा दिवसांत वहिनींचा चेहरा काचेसारखा झाला. लग्नकार्यात सगळ्या विचारत होत्या. तिसऱ्या महिन्यात गॅससमोर उभं राहिलं की गाल पेटायला लागले. पाचव्या महिन्यात गालांवर बारीक लव आणि लाल रेषा दिसू लागल्या. डबी दोन दिवस संपली की चेहरा लाल होऊन सुजायचा, नवी आणली की शांत व्हायचा. वहिनी म्हणायच्या, "ताई, बघा ना, हे लावलं नाही की त्रास होतो, म्हणजे औषध चांगलंच आहे."

त्रास होत होता तो औषध सुटल्याचा. डबीत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला सगळं उजळ दिसतं. पुढे त्वचा पातळ होते आणि ते थांबवलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. वांगासाठी स्टेरॉइड असलेलं मिश्रण डॉक्टर देतातही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण १९७५ पासून वैद्यकात माहीत आहे. पण ते ठरावीक आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी काउंटरवर हात पुढे केला की ट्यूब येते. ओळखायची खूण अशी: घटकांत "-सोन" किंवा "-सोल" असा शेपटा असलेलं नाव शोधायचं. मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. आणि लेबलच नसेल, उत्पादकाचा पत्ता नसेल, परवाना क्रमांक नसेल, तर वाचायला काही उरत नाही. अशा गोरेपणाच्या क्रीम्समध्ये पाराही सापडला आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांच्या लक्षात आलं की मूत्रपिंड बिघडलेल्या काही रुग्णांत समान धागा असं क्रीम हाच होता.

वहिनींना बरं व्हायला सात महिने लागले. एकदम थांबवायचं नव्हतं. डॉक्टरांनी उतरत्या मात्रेने सोडवलं. त्या काळात चेहऱ्याला फक्त पाणी, पेट्रोलियम जेली आणि स्कार्फ. तपासण्या, गोळ्या आणि येण्याजाण्याचे मिळून अकरा हजार गेले. १२० रुपयांची डबी दीड महिना जायची, आणि त्यांनी सहा डब्या वापरल्या होत्या. वही माझी, म्हणून हा हिशोब त्यात नाही, पण तो मला पाठ आहे.

फेब्रुवारीपासून आमचं मानधन आलेलं नाही. असे महिने दरवर्षी येतात, म्हणून काय आधी सोडायचं याचा क्रम ठरलेला आहे. पहिली वडी जाते. आठवड्याला दोन चमचे बेसन तिचं काम करतं. मग लोशन जातं. मेडिकलमधल्या साध्या ग्लिसरीनमध्ये तिप्पट पाणी घालून ओल्या चेहऱ्यावर लावते. ते मिश्रण रोजच्यापुरतंच करायचं, उरवायचं नाही. मग दुपारचा ग्रॅम जातो; त्या पंधरा दिवसांत स्कार्फ महाविद्यालयाच्या दारापर्यंत सोडत नाही आणि वर्गात खिडकीपासून लांबच्या भिंतीकडे उभी राहून शिकवते. रात्रीचं क्रीम एक दिवसाआड करते, म्हणजे ट्यूब दोन महिने पुरते. सकाळचा एक ग्रॅम मात्र ठेवते. २६ ग्रॅमचे २५० रुपये आणि अर्ध्या ट्यूबचे १०५. मार्चमध्ये चेहऱ्याच्या ओळीत ३५५ लिहिले. एप्रिलचा फोटो मार्चच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. डाग वाढलेला नाही.